‘तिप्पट’ म्हणजे कशाच्या तिप्पट? मल्टिनॉमिअल लॉजिस्टिक रिग्रेशनचा निकाल वाचताना आणि लिहिताना

प्रवासाच्या सवयींवर एखादा अहवाल येतो आणि त्यातलं एक वाक्य सगळीकडे फिरतं: ‘कामाचं ठिकाण दूर असलेल्यांची बसने जाण्याची शक्यता ३.३ पट.’ वाचणाऱ्याला वाटतं, दूर जाणाऱ्यांमध्ये बसवाले तिपटीहून जास्त असणार. मूळ आकडे उघडले, तर जवळ जाणाऱ्यांपैकी ३० टक्के लोक बसने जाताना दिसतात आणि दूर जाणाऱ्यांपैकी २५ टक्के. बसचा वाटा वाढलेला नाहीच, उलट थोडा कमी झालाय.

गंमत अशी की ३.३ हा आकडा बरोबर आहे. गणितात चूक नाही, सॉफ्टवेअरमध्येही नाही. वाक्यातून फक्त दोन शब्द गळलेत: ‘सायकलच्या तुलनेत’. ते गळले की बरोबर आकड्यातून साफ उलटा अर्थ निघतो. शोधनिबंधांत, प्रबंधांत आणि बातम्यांत ही चूक मी इतक्या वेळा वाचली आहे, की तिच्यामागचं गणित एकदा सावकाश उलगडून दाखवावं असं वाटलं.

## ज्या उत्तरांना चढती भाजणी नसते

‘कामाला कसे जाता?’ या प्रश्नाची तीन उत्तरं धरू: सायकल, बस, स्वतःची गाडी. यांत वरचं-खालचं असं काही नाही. ‘असमाधानी, ठीक, समाधानी’ अशा उत्तरांना एक चढता क्रम असतो, इथे तो नाही. सायकलला १, बसला २, गाडीला ३ असे क्रमांक दिले, तरी ते नुसते बिल्ले आहेत. त्यांची सरासरी काढणं निरर्थक आहे. अशा क्रम नसलेल्या, दोनाहून जास्त पर्यायांच्या निकालासाठी जे मॉडेल वापरतात, ते मल्टिनॉमिअल लॉजिस्टिक रिग्रेशन.

समजावण्यासाठी मी आकडे रचले आहेत, मुद्दाम सोपे. कामाचं ठिकाण जवळ असलेले ४०० आणि दूर असलेले ४०० लोक:

| | सायकल | बस | गाडी |
|---|---|---|---|
| जवळ | १६० (४०%) | १२० (३०%) | १२० (३०%) |
| दूर | ४० (१०%) | १०० (२५%) | २६० (६५%) |

अंतर वाढलं की सायकल कोसळते, गाडी दुपटीहून वर जाते आणि बस जवळपास जागच्या जागी राहते. डोळ्यांना इतकं सरळ दिसणारं चित्र मॉडेलच्या तक्त्यात गेल्यावर कसं दिसतं, ते आता पाहू.

## मॉडेल प्रत्येक पर्यायाला एकाच पर्यायाशेजारी उभं करतं

तिन्ही शक्यतांची बेरीज नेहमी १०० टक्के असते. दोन कळल्या की तिसरी आपोआप कळते. म्हणून मॉडेल तीन समीकरणं मांडत नाही, दोनच मांडतं. एक पर्याय बाजूला काढून ठेवतं आणि उरलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी तुलना करतं. बाजूला काढलेला पर्याय म्हणजे संदर्भ पर्याय. पर्याय चार असतील तर समीकरणं तीन, पाच असतील तर चार.

टेकडीची उंची सांगताना ती पायथ्यापासून मोजली की समुद्रसपाटीपासून, हे सांगावंच लागतं. टेकडी तीच असते, आकडा मात्र बदलतो. संदर्भ पर्यायाचं काम तसंच आहे: मोजणी कुठून सुरू केली, ते तो सांगतो. तो सगळ्यांत महत्त्वाचा असतो किंवा ‘सर्वसाधारण’ असतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. आपल्या उदाहरणात संदर्भ दोन आहेत. निकालाच्या बाजूला एक पर्याय संदर्भ म्हणून घेतलाय, समजा सायकल. कारणाच्या बाजूला, म्हणजे अंतराच्या बाबतीत, ‘जवळ’ हा गट संदर्भ आहे, कारण ‘दूर’ची तुलना त्याच्याशी होते. तक्त्याखाली नुसतं ‘संदर्भ गट: जवळ’ एवढंच लिहिलं, तर अर्धीच माहिती दिली. दोन्ही संदर्भ लिहिले नाहीत, तर तक्त्यातला एकही आकडा वाचता येत नाही.

## ३.३३ कुठून आलं

सायकल संदर्भ धरून बसचं समीकरण हाताने सोडवू. जवळच्या गटात बस आणि सायकल यांचं प्रमाण १२० ला १६०, म्हणजे ०.७५. दर १०० सायकलवाल्यांमागे ७५ बसवाले. दूरच्या गटात तेच प्रमाण १०० ला ४०, म्हणजे २.५. दर १०० सायकलवाल्यांमागे २५० बसवाले. आता २.५ ला ०.७५ ने भागा: ३.३३.

हेच रिलेटिव्ह रिस्क रेशो, संशोधकांच्या बोलण्यात आरआरआर. गाडीसाठी तीच कृती केली, तर दूरच्या गटातलं ६.५ भागिले जवळच्या गटातलं ०.७५, म्हणजे ८.६७. सॉफ्टवेअर आधी या आकड्यांचे लॉगरिदम छापतं, बससाठी १.२० आणि गाडीसाठी २.१६. त्यांची घातांकी किंमत काढली की पुन्हा ३.३३ आणि ८.६७ मिळतात. आरआरआर १ असेल तर दोन पर्यायांमधलं प्रमाण बदललं नाही. १ पेक्षा जास्त असेल तर ते संदर्भाच्या विरुद्ध बाजूला झुकलं, कमी असेल तर संदर्भाच्या बाजूला.

आता तोच आकडा दुसऱ्या वाटेने काढू, कारण सगळं रहस्य या वाटेवर आहे. बसची शक्यता ३० वरून २५ टक्क्यांवर आली, म्हणजे ०.८३ पट झाली. सायकलची ४० वरून १० वर आली, म्हणजे ०.२५ पट. आणि ०.८३ भागिले ०.२५ बरोबर पुन्हा ३.३३. म्हणजे दोन ‘पटी’ आहेत आणि त्यांचं हे गुणोत्तर आहे. बस घटली, पण सायकल तिच्याहून कितीतरी जास्त घटली, म्हणून बसचा आकडा १ च्या वर गेला. बसबद्दलची एकट्याची जी पट आहे, ती ०.८३. बातमीत ३.३ छापून आलं ते तिच्या जागी.

म्हणून आरआरआर कितीही मोठा असला तरी ‘त्या पर्यायाची शक्यता वाढली’ एवढंही त्यावरून म्हणता येत नाही, किती पटीने वाढली ते तर दूरच. दोन पर्याय असलेल्या साध्या लॉजिस्टिकमध्ये निदान दिशा तरी चुकत नाही, कारण एक वाढला की दुसरा घटलाच पाहिजे. तिसरा पर्याय आला की ती खात्री संपते.

## संदर्भ बदलला तर तोच आकडा उलटा होतो?

होतो, आणि तसा होणं योग्यच आहे. तेच ८०० लोक, तेच मॉडेल, फक्त संदर्भ सायकलऐवजी गाडी. जवळच्या गटात बस आणि गाडी १२० ला १२०, म्हणजे १. दूरच्या गटात १०० ला २६०, म्हणजे ०.३८. बसचा आरआरआर आता ०.३८.

एका तक्त्यात बससमोर ३.३३, दुसऱ्यात ०.३८. दोन्ही आकडे सांख्यिकीच्या भाषेत ‘सिग्निफिकंट’ आहेत. पहिल्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यातली अनिश्चितता धरून खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, २.१५ ते ५.१६ आहे. दुसऱ्याचा ०.२७ ते ०.५४. दोन्हींत १ येत नाही. एका संशोधकाने लिहावं ‘अंतरामुळे बस वाढते’, दुसऱ्याने लिहावं ‘अंतरामुळे बस घटते’, आणि दोघांनी ‘सिग्निफिकंट’ची तारका लागलेले आकडे पुढे करावेत, असं सहज घडू शकतं. दोघांची वाक्यं पूर्ण केली की भांडण उरत नाही. सायकलच्या तुलनेत बस वाढली, गाडीच्या तुलनेत घटली. तक्त्यातली टक्केवारी नेमकं हेच सांगत होती.

एका तक्त्यावरून दुसरा काढताही येतो. ३.३३ ला ८.६७ ने भागा, ०.३८ मिळेल. मॉडेलला तिन्ही जोड्या माहीत असतात, तक्त्यात ते फक्त दोन दाखवतं. कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र असा भागाकार करून मिळत नाही. त्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे संदर्भ बदलून मॉडेल पुन्हा चालवणं.

आता व्यवहारातला धोका. संदर्भ तुम्ही निवडला नाही, तर सॉफ्टवेअर निवडतं, आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. पर्यायांची नावं `bus`, `car`, `cycle` अशी असतील, तर आरमधलं `multinom` पहिली पातळी संदर्भ धरतं, म्हणजे बस. स्टाटामधलं `mlogit` सर्वांत जास्त लोकांचा पर्याय धरतं, इथे गाडी. एसपीएसएस शेवटचा धरतं, म्हणजे सायकल. एकच डेटा तिघांना दिला, तर तीन वेगळे दिसणारे तक्ते हातात येतील. म्हणून संदर्भ स्वतः ठरवून लिहून द्यावा:

```r
d$mode <- relevel(factor(d$mode), ref = "cycle")
m <- nnet::multinom(mode ~ far, data = d)
exp(coef(m))
exp(confint(m))
```

स्टाटामध्ये सायकलचा कोड १ असेल तर:

```stata
mlogit mode i.far, baseoutcome(1) rrr
margins far
```

## मग हवा तो संदर्भ घेऊन हवा तो निकाल काढता येईल?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तराचे दोन भाग आहेत.

संदर्भ बदलल्याने मॉडेल बदलत नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी मॉडेलने काढलेल्या शक्यता तंतोतंत त्याच राहतात. ‘अंतराचा प्रवासाच्या साधनाशी काही संबंध आहे का?’ या एकंदर प्रश्नाचं उत्तरही बदलत नाही. ते लाइकलिहूड रेशो टेस्टने मिळतं: अंतर धरून केलेलं मॉडेल अंतर वगळून केलेल्या मॉडेलपेक्षा डेटाशी किती जास्त जुळतं, ते ही चाचणी पाहते. आपल्या उदाहरणात तिची किंमत सुमारे १३१.७ आहे, स्वातंत्र्यमात्रा २, आणि संदर्भ कोणताही घ्या, ती तेवढीच येते. म्हणून अहवालात प्रत्येक घटकासाठी ही एकंदर चाचणी आधी द्यावी, सुट्या आरआरआरकडे नंतर वळावं.

निवडीने बदलतं ते इतकंच, की कोणत्या जोड्या तक्त्यात दिसतात आणि कोणत्या झाकल्या जातात. तिथे डाव साधायला जागा आहे खरी. पर्याय चार-पाच असतील, तर सोयीची तुलना पुढे आणि गैरसोयीची मागे ठेवणं सहज जमतं. यावर उपाय म्हणजे संदर्भ विश्लेषणाआधी ठरवावा, तोच का घेतला ते एका वाक्यात सांगावं, आणि ज्या जोडीबद्दल वाचक विचारणारच, ती संदर्भात नसेल तर परिशिष्टात द्यावी. संदर्भ प्रश्नाला धरून असावा: ‘सायकल सोडून लोक कशाकडे वळतात?’ असा प्रश्न असेल तर सायकल. शिवाय त्या पर्यायात पुरेसे लोक असावेत. मोजक्या लोकांचा पर्याय संदर्भ घेतला, तर प्रत्येक तुलनेत तीच तुटपुंजी संख्या येते आणि सगळेच इंटरव्हल फुगतात.

## वाचकाला खरं हवं असतं ते टक्क्यांत सांगा

आरआरआर देऊन थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या शेजारी मॉडेलमधून काढलेल्या शक्यता द्याव्यात: जवळच्या गटात बस ३० टक्के, दूरच्या गटात २५ टक्के, फरक ५ टक्के-बिंदूंची घट. या फरकाचा ९५ टक्के इंटरव्हल साधारण ११.२ टक्के-बिंदूंच्या घटीपासून १.२ टक्के-बिंदूंच्या वाढीपर्यंत जातो. त्यात शून्य येतं. म्हणजे बसचे दोन्ही आरआरआर ठळकपणे सिग्निफिकंट असूनही, बसचा स्वतःचा वाटा बदलला असं या डेटावरून खात्रीने म्हणता येत नाही. बदल झालाय तो सायकल आणि गाडी यांच्यात. आरआरआरचा तक्ता एकटा वाचून हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

आपल्या उदाहरणात कारण एकच असल्यामुळे या शक्यता साध्या टक्केवारीइतक्याच आल्या. वय, उत्पन्न असे घटक मॉडेलमध्ये असतील, तर रीत अशी: नमुन्यातल्या प्रत्येकाला आधी ‘जवळ’ समजून शक्यता काढायची, मग ‘दूर’ समजून काढायची, आणि दोन्हींच्या सरासरीतला फरक द्यायचा. वरच्या स्टाटा-कोडमधली `margins` ही आज्ञा नेमकी हीच सरासरी काढते. तिन्ही पर्यायांचे फरक मिळवले की बेरीज शून्य यायला हवी, कारण एकाने कमावलं ते दुसऱ्याने गमावलेलं असतं. नाही आली तर कुठेतरी चुकलंय.

## दोन-दोन पर्यायांची साधी लॉजिस्टिक मॉडेल का चालवू नयेत?

‘बस की सायकल’ आणि ‘गाडी की सायकल’ अशी दोन वेगळी मॉडेल चालवली, तर आरआरआर बहुधा जवळचेच येतात. आपल्या छोट्या उदाहरणात तर तंतोतंत तेच येतील. पण पहिल्या मॉडेलमधून गाडीवाले वगळले जातात, दुसऱ्यातून बसवाले. तुकड्यांमधून १०० टक्के बेरीज होणाऱ्या शक्यता मिळत नाहीत आणि एकंदर चाचणीही करता येत नाही. मग टक्के-बिंदूंतला फरक, जो सगळ्यांत उपयोगी आहे, तोच हातून जातो.

कुणी ‘बस की इतर काहीही’ असं मॉडेल करतं. त्यात चूक काही नाही, पण तो प्रश्नच निराळा आहे आणि सायकल-गाडीतली मोठी उलथापालथ त्यात पूर्ण झाकली जाते.

## प्रत्यक्षात कसं लिहावं

नावापासून सुरुवात करू. काही सॉफ्टवेअर याच आकड्याला ऑड्स रेशो म्हणतं, एसपीएसएस त्याला `Exp(B)` म्हणतं. आकडा तोच असतो. वैद्यकीय लेखनात ‘आरआरआर’ हे संक्षिप्त रूप जोखमीतली घट दाखवण्यासाठीही वापरतात, म्हणून पहिल्या वेळी पूर्ण नाव लिहावं.

मग वाक्य. ‘दूर जाणाऱ्यांची बस वापरण्याची शक्यता ३.३ पट (p < 0.001)’ हे चूक. त्याऐवजी असा परिच्छेद चालेल:

‘प्रवासाच्या साधनासाठी मल्टिनॉमिअल लॉजिस्टिक मॉडेल वापरलं, संदर्भ पर्याय सायकल. कामाचं ठिकाण जवळ असलेल्यांशी तुलना करता, दूर असलेल्यांमध्ये सायकलच्या तुलनेत बस निवडण्याचं प्रमाण ३.३३ पट (९५% इंटरव्हल २.१५ ते ५.१६) आणि गाडी निवडण्याचं ८.६७ पट (५.७६ ते १३.०४) होतं. बसची शक्यता मात्र ३० वरून २५ टक्क्यांवर आली. सायकलची ४० वरून १० वर घसरली आणि गाडीची ३० वरून ६५ वर गेली.’

लांब आहे, पण एकही शब्द कमी करता येत नाही. ‘सायकलच्या तुलनेत’ हे शब्द दर वाक्यात आले तर येऊ द्या. गोळीबंद लिहिण्याच्या नादात नेमके तेच कापले जातात. आणि ०.३८ हा आकडा ‘६२ टक्क्यांनी कमी शक्यता’ असा लिहू नये, कारण कमी झालंय ते दोन पर्यायांमधलं प्रमाण.

अंतर किलोमीटरमध्ये मोजलं असेल, तर आरआरआर दर एका किलोमीटरमागचा असतो. तो १.०८ असला तर नगण्य वाटतो, पण पाच किलोमीटरमागे तो १.०८ चा पाचवा घात होतो, सुमारे १.४७. वाचकाला जे अंतर डोळ्यांसमोर आणता येईल, त्या एककात लिहावं.

## आकडा वेडावाकडा आला तर

दूरच्या गटात सायकलवाले ४० नसून शून्य असते, तर प्रमाण काढताना शून्याने भागावं लागलं असतं. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तक्रार न करता उत्तर देतं: लाखांतला आरआरआर, किंवा ०.००००, आणि शून्याजवळून आकाशाला भिडणारा इंटरव्हल. असं दिसलं की मॉडेलकडे नंतर बघावं, आधी साधा तक्ता काढून प्रत्येक खान्यात किती लोक आहेत ते मोजावं. तुटपुंजे पर्याय एकत्र करणं हा एक मार्ग आहे, पण एकत्र करण्यात अर्थ असेल तरच.

दुसरी मर्यादा मॉडेलच्या पोटातच आहे. कोणत्याही दोन पर्यायांमधलं प्रमाण तिसरा पर्याय असण्या-नसण्यावर अवलंबून नाही, असं ते गृहीत धरतं. हे कुठे फसतं, ते लाल बस आणि निळ्या बसच्या प्रसिद्ध उदाहरणातून दिसतं. निवडीच्या या मॉडेलांवर मूलभूत काम करणारे डॅनिएल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या नावाशी हे उदाहरण जोडलं जातं. अर्धे लोक गाडीने आणि अर्धे लाल बसने जातात असं समजा. उद्या हुबेहूब तशीच, फक्त निळ्या रंगाची बस सुरू झाली, तर गाडीवाले अर्धेच राहतील आणि बसवाले दोन रंगांत विभागले जातील. मॉडेल मात्र तिघांना एक-तृतीयांश वाटून देईल, कारण गाडी आणि लाल बस यांचं समान प्रमाण त्याला मोडता येत नाही.

म्हणून सायकल, बस, गाडी यांवर बेतलेल्या मॉडेलवरून ‘मेट्रो आली तर काय होईल’ याचं भाकीत करू नये. पर्याय एकमेकांना इतके जवळचे असतील, तर नेस्टेड लॉजिट किंवा मल्टिनॉमिअल प्रोबिटकडे जावं. तिथे सारख्या पर्यायांना एकाच कुटुंबातले मानायची सोय असते. या गृहीतकासाठी हॉसमन-मॅकफॅडनसारख्या चाचण्याही आहेत, पण त्यांचे निकाल अनेकदा परस्परविरोधी येतात. त्यामुळे ‘चाचणी उत्तीर्ण’ असं लिहून सुटका होत नाही. पर्याय लोकांना खरोखर वेगळे वाटतात का, याचं कारण लेखकाने स्वतःच्या शब्दांत द्यावं लागतं.